कपड्यांवर गोळे येतात तेव्हा: लव कुठली, गाठ कुठली आणि मशीन कसं लावायचं

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी दोन कपडे हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. एका हातात काळी लेगिंग, तिच्यावर पिठाच्या डब्यात पडल्यासारखे पांढरे कण. दुसऱ्या हातात मुलाचा शाळेचा पीटीचा टी-शर्ट, त्यावर पोटापासून काखेपर्यंत खसखशीएवढे बारीक गोळे. "मशीन बिघडलंय हो," म्हणाल्या, "मेकॅनिकला बोलावते उद्या."

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. दोन्ही कपडे एकाच खेपेत धुतले होते हे खरं, पण त्यांची दुखणी वेगळी होती. लेगिंगवरचे कण बाहेरून येऊन चिकटले होते. टी-शर्टवरचे गोळे त्याच्या स्वतःच्याच अंगातून उगवले होते. नव्याने मशीन घेतलेले बहुतेक लोक इथेच चुकतात. दोन्हीला 'गोळे आले' म्हणतात आणि दोन्हीवर एकच उपाय करत बसतात. म्हणून आधी ओळख, मग इलाज.

पायरी १: चिकटपट्टी लावून बघा

कपडा पूर्ण वाळू द्या. उजेडात टेबलावर सपाट पसरा आणि बोटभर लांबीची चिकटपट्टी त्यावर दाबून झटकन ओढा. कण पट्टीवर आले आणि खालचं कापड स्वच्छ दिसलं, तर ती लव आहे. दुसऱ्या कपड्याचे सुटे तंतू पाण्यात तरंगत होते, ते येऊन बसले, इतकंच.

पट्टी रिकामी आली आणि गोळे जागच्या जागी राहिले, तर एक गोळा नखाने हळूच उचलून बघा. तो उभा राहतो, पण सुटत नाही. खाली दोन-तीन केसांसारखे तंतू त्याला कापडाशी बांधून ठेवताना दिसतील. ही गाठ. कापडवाले हिला पिलिंग म्हणतात.

तिसरा प्रकारही असतो आणि त्यात पुष्कळ जण फसतात. कण पट्टीवर अर्धवट येतात, बोट ओलं करून चोळलं की विरघळून बोटाला बुळबुळीत लागतात. ही धुण्याची पावडर आहे, पूर्ण न विरघळलेली. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात हे फार होतं. पावडर आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून मग मशीनमध्ये ओतली आणि एकदा जास्त खंगाळलं की हा प्रश्न मिटतो. त्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

गाठ होते कशी

हे समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

माझा मावसभाऊ इचलकरंजीत सुताच्या धंद्यात आहे. एकदा त्याने कोनवरून वीतभर सूत तोडून माझ्या हातात दिलं आणि उलट दिशेने पिळायला सांगितलं. पीळ सुटला तसं ते सूत नुसता कापूस होऊन दोन तुकड्यांत निसटलं. "बघ," म्हणाला, "सुताला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. फक्त पीळ."

सूत म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे हजारो तंतू, एकमेकांभोवती पिळून धरलेले. प्रत्येक तंतूला दोन टोकं. कापड घासलं की काही टोकं पिळातून बाहेर सरकतात आणि कापडावर बारीक केस उभे राहतात. घासणं चालू राहिलं की ते केस एकमेकांत गुंततात आणि त्यांचा गोळा वळला जातो, आपण तळहातावर कापसाची वात वळतो तसाच. तंतू जितके आखूड, तितकी टोकं जास्त. पीळ जितका सैल, तितकी टोकं बाहेर यायला मोकळी. मऊमऊ, हाताला गोड लागणाऱ्या टी-शर्टला म्हणूनच लवकर गोळे येतात. त्याचा मऊपणा बऱ्याचदा सैल पिळाचाच असतो.

आता एक गंमत. निव्वळ सुती कापडालाही गोळे होतात, पण कापसाचा तंतू त्या मानाने कमजोर असल्यामुळे गोळा काही दिवसांनी तुटून पडून जातो. पॉलिएस्टरचा तंतू चिवट. तो गोळ्याला सोडत नाही. आणि दोन्ही एकत्र असले की सगळ्यात वाईट. कापसाची आखूड टोकं गोळा वळायला माल पुरवतात आणि पॉलिएस्टरचे तंतू त्या गोळ्याला दावं लावून कापडाला बांधून ठेवतात. शाळेचे टी-शर्ट, ट्रॅक पँट, ऑफिसचे 'इस्त्री न लागणारे' शर्ट बहुतेक याच मिश्रणाचे असतात. लोकरीच्या आणि ॲक्रिलिकच्या स्वेटरची गोष्टही फार वेगळी नाही. तिथे विणकामच सैल असतं.

म्हणजे गोळ्याला दोन गोष्टी लागतात, सुटी टोकं आणि घासणं. टोकं किती सुटी हे गिरणीतच ठरलेलं असतं, त्यावर आपला इलाज कपडा विकत घेतानाच. घासणं मात्र आपल्या हातात आहे.

पायरी २: गोळे कुठे आलेत ते बघा

मशीनवर आळ घेण्याआधी हे कराच. गोळे फक्त काखेत, कमरेच्या बाजूला, मांड्यांच्या आतल्या अंगाला किंवा दप्तराचा पट्टा बसतो त्या खांद्यावर असतील, तर ते अंगावर घालण्याने आलेत. मशीन बदललं तरी ते येणार. पाठीवर, पोटावर, बाहीवर, सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर धुण्यातले.

खात्री हवी असेल तर तो कपडा पुढची पाच-सहा धुणी उलटा करून धुवा. आता मशीनमध्ये आतली बाजू घासली जाईल आणि बाहेरची झाकलेली राहील. नवे गोळे आतून दिसू लागले तर दोष धुण्याचा. तरीही बाहेरूनच येत राहिले तर घालण्याचा. वहिनींच्या टी-शर्टवर हे करून बघितलं, त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

पायरी ३: देणारे, घेणारे आणि खरवडणारे

पांढरे आणि रंगीत वेगळे करणं आपल्याला आईने शिकवलेलं असतं. ते रंग लागू नये म्हणून. लव आणि गाठींसाठी वाटणी वेगळी करावी लागते.

देणारे म्हणजे लव सोडणारे: टॉवेल, पंचे, फ्लॅनेल, नवी चादर. सोलापुरी टॉवेल किंवा चादर नवी असताना पहिली तीन-चार धुणी भरपूर लव सोडते. तिच्यात खोट काही नाही, विणताना अडकलेले सुटे तंतू निघून जातात. ती धुणी तिला एकटीलाच द्या.

घेणारे म्हणजे लव ओढून घेणारे: काळे, निळे, मरून कपडे, लेगिंग, ट्रॅक पँट, कॉर्डरॉय. यातले सिंथेटिक जास्त वाईट, कारण वाळताना त्यांच्यावर स्थिर वीज साठते आणि लव घट्ट चिकटून बसते. गडद रंगावर ती दिसते, फिक्यावर ती असूनही दिसत नाही, एवढाच फरक.

खरवडणारे म्हणजे जीन्स, चेन असलेली जॅकेट, हुक, वेल्क्रो. हे लव देत नाहीत, पण शेजारच्या मऊ कपड्याला घासून त्याची टोकं बाहेर काढतात. वेल्क्रोची पट्टी उघडी राहिली तर एका धुण्यात टी-शर्टचं वाटोळं करते.

नियम एवढाच: देणारे आणि घेणारे एका खेपेत नकोत, आणि खरवडणारे मऊ होजिअरीबरोबर नकोत. रोज तीन खेपा लावा असं मी म्हणत नाही. टॉवेल आणि जीन्स एकत्र चालतात, दोघंही राकट.

पायरी ४: खेपांचा क्रम

ही पायरी खास सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांसाठी. आपल्याकडे ते मशीन पाणी वाचतं म्हणून घेतात, आणि पाणी वाचवायचं म्हणजे एकाच साबणाच्या पाण्यात दोन-तीन खेपा काढायच्या. त्यात गैर काही नाही. पण पहिल्या खेपेत टॉवेल टाकले तर त्यांची लव त्या पाण्यात राहते आणि पुढच्या खेपेतले कपडे त्याच पाण्यात बुडतात. वहिनींच्या लेगिंगचं तर याहून वाईट, ती टॉवेलांबरोबर पहिल्याच खेपेत असायची. टॉवेल मळलेले नसतात, म्हणून त्या ते पहिले धूत होत्या. मळाच्या हिशेबाने बरोबर, लवेच्या हिशेबाने चूक.

क्रम असा ठेवा. आधी शाळेचे-ऑफिसचे फिके कपडे. मग गडद आणि सिंथेटिक. त्यानंतर जीन्स आणि टॉवेल. पायपुसणी आणि फडकी अगदी शेवटी, पाणी टाकून देण्याच्या आधी.

पायरी ५: टाकण्याआधी दोन मिनिटं

मऊ कपडे उलटे करा. चेन लावा, हुक अडकवा, वेल्क्रो बंद करा. नाडी असेल तर गाठ मारा.

खिसे तपासा. खिशात राहिलेला एक टिश्यू पेपर पूर्ण खेपेवर बर्फ पडल्यासारखा पसरतो आणि माणूस मशीनला दोष देतो. आमच्याकडे बसचं तिकीट, किराणाची यादी आणि एकदा कापसाच्या वातींची पुडी निघाली आहे.

स्वेटर, लेसचे कपडे, लेगिंग यांसाठी जाळीची पिशवी मिळते, तीत घालून धुवा. पिशवीत एक-दोनच कपडे टाका. ठासून भरली तर ते आतल्या आत घासले जातात आणि मधोमध साबणही पोचत नाही. पिशवी नसेल तर उशीचा जुना सुती अभ्रा, तोंडाला सैल गाठ मारून, चालतो.

पायरी ६: किती भरायचं, किती वेळ फिरवायचं

गोळ्यांचा सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

मशीनवर ७ किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या सुती कपड्यांचं वजन असतं. ते वाचून सात किलो भरू नका. मशीन ते फिरवेलही, पण कपडे पाण्यात पोहण्याऐवजी एकमेकांवर दाबून घासले जातील. पाणी हे कपड्यांमधलं वंगण आहे असं समजा. पाणी कमी आणि कपडे जास्त झाले की ते वंगण संपतं.

भरलेलं जास्त आहे का हे ओळखायची सोपी खूण आहे. सेमी-ऑटोमॅटिकचं झाकण उघडं ठेवून एक ठळक रंगाचा कपडा हेरा आणि त्याच्याकडे बघत राहा. तो खाली जाऊन मिनिटभरात पुन्हा वर दिसला पाहिजे. वरचा कपडा वरच बसून नुसता डुलत असेल, तर दोन-चार कपडे बाहेर काढा किंवा पाणी वाढवा. फुल्ली-ऑटोमॅटिक टॉप लोडमध्ये मशीन वजनावरून पाणी ठरवतं आणि बरेचदा कमी घेतं. तिथे पाण्याची पातळी एका खुणेने हाताने वाढवता येते. फ्रंट लोडमध्ये पाणी मुळात थोडंच असतं, पण तिथे कपडे ड्रमबरोबर वर जाऊन खाली आपटतात. तळाशी फिरणाऱ्या चकतीचं घर्षण नसल्यामुळे कापडाला त्रास कमी होतो. त्यात कपडे भरल्यावर वर हाताचा पंजा उभा शिरेल एवढी जागा ठेवा.

आता वेळ. सेमी-ऑटोमॅटिकचा धुण्याचा टायमर १५ मिनिटांचा असतो, आणि पुष्कळ घरी तो सवयीने शेवटपर्यंत फिरवतात. रोज घातलेले, नुसता घाम लागलेले कपडे सहा-सात मिनिटांत स्वच्छ होतात. उरलेली आठ मिनिटं फक्त कापड झिजतं. कॉलरला मळ असेल तर ती साबण लावून वीस मिनिटं भिजत ठेवा. भिजताना मळ सुटतो आणि घासणं शून्य. ब्रशने घासणं मात्र मशीनपेक्षाही वाईट. मिश्र कापडाच्या कॉलरवरचे गोळे निम्मे तरी ब्रशचे असतात.

पिळण्याच्या फिरकीला लोक उगीच घाबरतात. फिरकीत कपडे भिंतीला चिकटून बसतात, एकमेकांवर फारसे घासले जात नाहीत. तिने चुण्या पडतात, स्वेटर ताणला जाऊ शकतो, पण गोळे होतात ते धुताना.

साबणाबद्दल थोडंसं. काही पावडरींमध्ये सेल्युलेज नावाचं एन्झाइम असतं. ते सुती कापडावर उभे राहिलेले बारीक केस कुरतडतं, त्यामुळे सुती कपडा धुऊन धुऊन धुरकट दिसत नाही. गिरण्यांतही सुती कापड गुळगुळीत करायला हेच वापरतात. पॉलिएस्टरवर त्याचा काही परिणाम नाही, म्हणून मिश्र कापडाला त्याचा उपयोग अर्धाच. लोकर आणि रेशमाला एन्झाइमवाली पावडर लावूच नका. त्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइमही असतात आणि लोकर, रेशीम ही प्रथिनंच आहेत. त्यांना लोकरीसाठीचा सौम्य लिक्विड साबण, गार पाणी आणि शक्यतो हात.

व्हिनेगर टाकलं की गोळे जातात असं सांगणारे भेटतील. जात नाहीत. जड पाण्यात कपडा क्षारांनी कडक झाला असेल तर शेवटच्या खंगाळण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकल्याने तो जरा मऊ होतो, एवढंच. ब्लीचबरोबर मात्र ते कधीही नको, विषारी वायू तयार होतो.

पायरी ७: जाळी साफ करा

सेमी-ऑटोमॅटिक आणि टॉप लोडच्या टबात भिंतीला एक छोटी जाळीची पिशवी किंवा जाळीचा डबा असतो. लव धरायचं काम तिचं. वहिनींनी चार वर्षांत ती उघडली नव्हती. आम्ही काढली तेव्हा आत करड्या रंगाचा, ओल्या वाळ्यासारखा घट्ट गोळा होता, मुठीत मावेल एवढा. त्यातून पाणी जातच नव्हतं, त्यामुळे नवी लव टबातच फिरत राहायची.

दर खेपेनंतर ती काढून उलटी करा आणि नळाखाली धुवा. जाळीला भोक पडलं असेल तर बदला, सुटी मिळते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्या जाळीत पाणी वरून पडतं तेव्हाच ती लव धरते. टबात पाणी फार कमी घेतलं तर पाणी तिथवर चढतच नाही आणि जाळी नुसती शोभेला राहते. धुताना जाळीच्या तोंडातून धार पडतेय का, ते एकदा बघून घ्या.

फ्रंट लोडच्या खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. त्यात नाणी, बटणं, दोरे अडकतात. महिन्यातून एकदा उघडा, खाली ताट आणि फडकं ठेवून, कारण आतलं पाणी बाहेर येतं. दाराच्या रबरी पट्टीच्या घडीतही लव साठते, ती बोटाने पुसून काढा.

वाळत घालताना प्रत्येक कपडा दोनदा जोरात झटका. चुण्या निघतात म्हणून आपण झटकतो, पण सुटी लवही तेव्हाच उडते. म्हणून टॉवेल झटकताना काळे कपडे शेजारच्या दोरीवर नकोत.

वहिनींची खेप, आधी आणि नंतर

मशीन ७ किलोचं सेमी-ऑटोमॅटिक. त्यांची रविवारची पहिली खेप अशी होती: दोन मोठे टॉवेल, एक जीन्स, चार टी-शर्ट, दोन लेगिंग, शाळेची ट्रॅक पँट, शिवाय एक पंचा. वजनाने हे साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मशीनच्या हिशेबाने निम्मंच. पण पाणी टबाच्या मधल्या खुणेपर्यंत, टायमर पूर्ण १५ मिनिटं आणि नॉब 'स्ट्राँग'वर. शाळेचे कपडे मळतात म्हणून.

आम्ही त्याच्या दोन खेपा केल्या. पहिलीत टी-शर्ट, लेगिंग आणि ट्रॅक पँट, सगळं उलटं करून, पाणी वरच्या खुणेपर्यंत, नॉब 'जेंटल'वर, सहा मिनिटं. गुडघ्याला माती लागलेली ट्रॅक पँट अर्धा तास आधी भिजवली. त्याच पाण्यात दुसरी खेप: टॉवेल, पंचा, जीन्स, 'नॉर्मल'वर दहा मिनिटं. एकूण वेळ एका मिनिटाने वाढला. पाणी थोडं जास्त लागलं, ते बाथरूम धुवायला वापरलं.

लेगिंग पहिल्याच धुण्यात सुधारली. आधीची चिकटलेली लव कपड्यांच्या रोलरने काढून टाकली होती आणि नवी आली नाही.

टी-शर्टला वेळ लागला. त्याच्यावरचे जुने गोळे धुण्याने जाणार नव्हतेच, ते आधी कापले. नंतर दीड महिन्यात पाठ आणि पोट स्वच्छ राहिलं, आतल्या बाजूला थोडे बारीक केस दिसले. उजव्या खांद्यावर मात्र गोळे पुन्हा आले, बाहेरून, तीन बोटं रुंदीच्या पट्ट्यात. मुलगा दप्तर एकाच खांद्यावर अडकवतो. ते मशीनच्या हातात नाही, आणि वहिनींच्याही नाही असं दिसतंय.

आलेले गोळे काढायचे कसे

ओढून काढू नका. गोळा ओढला की त्याच्याबरोबर तंतूही आणखी बाहेर येतो आणि पुढच्या गोळ्याला माल मिळतो. कापायचाच.

सगळ्यात बरं साधन म्हणजे गोळे काढायचं छोटं बॅटरीवरचं यंत्र, लिंट रिमूव्हर म्हणून मिळतं. त्यात जाळीच्या आत पातं फिरतं. कपडा कोरडा हवा, टेबलावर सपाट, खाली एखादं जाड मासिक. यंत्र टेकवून दाबू नका. नुसतं ठेवून हलक्या हाताने गोल फिरवा. शिवणीवर, बटणांच्या कडेला, छापील चित्रावर आणि भरतकामावर नेऊ नका. कपडा हातात धरून, सैल ठेवून फिरवलं तर चुणी जाळीत शिरते आणि भोक पडतं. मी स्वतः असा एक चांगला कार्डिगन घालवला आहे.

यंत्र नसेल तर दाढीचं नवं एकेरी ब्लेडचं रेझर जाड विणीच्या कपड्यावर चालतं, एका दिशेने, कापड दुसऱ्या हाताने ताणून. पातळ टी-शर्टवर ते जोखमीचं आहे. तिथे छोटी कात्री घेऊन एकेक गोळा कापा, टीव्ही बघता बघता होतं. फ्लीसच्या जॅकेटवर काहीच करू नये असं माझं मत. त्याचा पृष्ठभागच मुळात उभ्या तंतूंचा असतो, कापत गेलं तर तो उघडाच पडतो.

किती वेळा काढावे लागतील हे कापडावर आहे. सुती कपड्याची सुटी टोकं बरीचशी पहिल्या काही महिन्यांत संपतात, त्यामुळे एक-दोनदा कापल्यावर तो शांत होतो. पॉलिएस्टर-कॉटन महिना-दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. आणि दरवेळी आपण सुतातलाच थोडा माल कापून टाकत असतो, म्हणून कापड हळूहळू विरतं. कपडा उजेडापुढे धरला आणि पलीकडची खिडकी दिसू लागली की थांबा, त्याला घरात घालायला काढा.

पुढचा कपडा घेताना

दुकानात कपडा आतल्या बाजूने अंगठ्याखाली धरून पंचवीस-तीस वेळा जोरात चोळा, मग तो डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून उजेडाकडे बघा. केस उभे राहिलेले दिसले तर सहाव्या धुण्याला गोळे ठरलेले. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

लेबलवर 'कॉम्ब्ड कॉटन' असेल तर कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असतात, टोकं कमी. दोन कपडे सारखेच आवडले तर जो हाताला जास्त घट्ट विणलेला आणि थंड लागतो तो घ्या, जो जास्त मऊ लागतो तो ठेवून द्या. शाळेच्या गणवेशात ही निवड नसते. तिथे दोनऐवजी तीन टी-शर्ट घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला धुणी कमी येतात, आणि दुसरी इयत्ता संपेपर्यंत निभावतं. तोवर मापही बदललेलं असतं.